आज मी नाही केलं तर कोण थांबतं?

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर होता, पंचवीस-तीस मिनिटांचा, आणि खरं तर चांगला चालला होता. समोरच्या मॅडम मवाळ बोलत होत्या, माझ्या आजाराचं मी अर्जात एका ओळीत लिहिलं होतं ते त्यांनी वाचलेलं दिसत होतं. शेवटी त्यांनी अगदी सहज विचारलं, "दिवसाला साधारण किती तास काम करू शकाल तुम्ही?" आणि मी एक सेकंदही न थांबता म्हटलं, "आठ." कॉल संपला, लॅपटॉप मिटला आणि पाण्याची बाटली उघडायला गेले तर झाकण काही फिरेना. उजव्या हाताने नाही, डाव्याने नाही, ओढणीत धरूनही नाही. शेवटी बाटली मांडीवर आडवी घेऊन तशीच बसून राहिले आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की आत्ता आपण काय बोलून बसलो.

आठ.

नंतर कित्येक दिवस तो आकडा डोक्यात वाजत राहिला. खोटं बोलले म्हणून वाईट वाटत होतं असं नाही, नोकरीसाठी माणसं याहून मोठमोठं खोटं बोलतात. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. मला खरं उत्तर माहीतच नव्हतं. संधिवात होऊन साडेचार वर्षं झाली होती, गोळ्यांची नावं झोपेत म्हणून दाखवली असती, रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे पाठ होते, पण माझ्यात दिवसाला नक्की किती काम आहे हे मी कधी मोजलंच नव्हतं. "आठ" हे माझं उत्तर नव्हतंच, ते सगळ्यांचं उत्तर होतं आणि मी ते उसनं आणून दिलं होतं.

त्याआधी मी लॅबमध्ये होते, सहा वर्षं. मला ते काम आवडायचं, अजूनही आवडतं, आणि हे लिहिताना अजूनही घशाशी काहीतरी येतं. शहाण्णव खळग्यांची ती प्लास्टिकची प्लेट, आठ ओळी आणि बारा कॉलम, आणि प्रत्येक खळग्यात पिपेटने मोजून थेंब सोडायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय हलकं काम आहे, बोटभर नळी तर धरायची. पण पिपेट म्हणजे अंगठ्याचं काम. द्रव ओढायच्या आधी एकदा दाबायचं, सोडताना पार खालपर्यंत दाबायचं, आणि पुढचं टोक काढून टाकायला तिसऱ्यांदा दाबायचं. एका खळग्याला तीन, तर एका प्लेटला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. दिवसाला तीन प्लेट लावायचे मी. हा हिशोब तब्येत चांगली असताना कधी केला नव्हता, केला तो अंगठ्याच्या बुडाचा सांधा सुजल्यावर, रात्री झोप येत नव्हती तेव्हा.

लॅब सोडल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला. मावशी म्हणाली, "बसून करायचं काहीतरी बघ गं आता." दादा म्हणाला, "घरी बसल्या फोनवरचं काम मिळतं, ते घे, धावपळ नाही." डॉक्टरसुद्धा म्हणाले की हलकं काम बघा. मलाही पटलं. उभं राहून करायचं ते जड आणि बसून करायचं ते हलकं, एवढाच हिशोब डोक्यात होता. मग घेतलं एक फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम, घरूनच, सकाळी आठ ते पाच. चार महिने टिकले त्यात. त्या चार महिन्यांत माझी जी अवस्था झाली तशी सहा वर्षं उभं राहून पिपेट दाबताना कधी झाली नव्हती, आणि हे मला कुणालाच समजावून सांगता येईना, कारण मला स्वतःलाच समजत नव्हतं. बसूनच तर होते. खुर्चीही चांगली होती.

इंटरव्ह्यूचं उत्तर द्यायला पंधरा दिवस लागतील असं त्यांनी सांगितलं होतं. त्या पंधरा दिवसांत मी आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमकडे गेले, आजार सांभाळून रोजची कामं कशी करायची ते त्या शिकवतात, खरं तर मनगटाच्या पट्ट्यासाठी, पण बोलता बोलता आठचा किस्सा सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चौदा दिवस लिहून काढा, मग बघू आठ आहेत का दोन आहेत." चौदाच का, सात का नाही, तर माझं मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा असतं (एकदाच हं, हे औषध कुणी चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी डोक्यात धुकं असतं, मळमळ असते. एक आठवडा मोजला तर तो दिवस योगायोगाने तसा गेला की गोळीमुळे ते कळत नाही, दोनदा दिसला की कळतं.

तर वहीत रकाने केले. किती वाजता, काय केलं, किती मिनिटं, आधी थकवा दहापैकी किती, नंतर किती. हे सगळं मी स्वतःहूनही केलं असतं कदाचित. पण मॅडमनी शेवटी आणखी एक रकाना काढायला लावला आणि खरं शिकवलं ते त्या रकान्याने. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचं होतं, उठल्यापासून मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली. बोटांची टोकं तळव्याला टेकली की घड्याळ बघायचं आणि आकडा लिहायचा. "दमलात का ते संध्याकाळी स्वतःला विचारू नका," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी माणूस खोटं बोलतं. सकाळी मुठीला विचारा."

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी, आमच्या सकाळी वेगळ्या असतात. सूज वाढवणारी जी द्रव्यं रक्तात असतात, इंटरल्यूकिन-6 वगैरे, ती पहाटेच्या सुमाराला चढलेली असतात, त्यात रात्रभर सांधे हललेले नसतात. त्यामुळे उठल्यावर हात लाकडाचे. माझे चांगल्या दिवशी चाळीस मिनिटं, वाईट दिवशी दोन तासांच्या जवळ. म्हणजे फोनच्या नोकरीत सकाळी आठला हेडसेट लावायचे तेव्हा मी माझ्या दिवसातला सगळ्यात वाईट तास विकत होते आणि दुपारी अकरा ते चारचे बरे तास कधी येतात कधी जातात ते बघायलाही फुरसत नव्हती.

चौदा दिवसांचं निघालं ते असं. पाच दिवस चांगले, त्यात सहा-सहा तास असं काम झालं की दुसऱ्या सकाळी मूठ नेहमीच्या वेळेत वळली. सहा दिवस मधले, साडेचार तासांचे. तीन दिवस वाईट, अडीच तासांचे. तीस, सत्तावीस आणि साडेसात, मिळून साडेचौसष्ट तास दोन आठवड्यांचे, म्हणजे आठवड्याला बत्तीस. आणि या बत्तिसात सगळं आलं, कपडे धुणं, दवाखान्याच्या फेऱ्या, फरशी, सगळं. ते दहा-बारा तास काढले की विकायला उरले वीस. मी इंटरव्ह्यूमध्ये आठवड्याचे चाळीस कबूल केले होते. दुप्पट. अगदी नेमकं दुप्पट बोलले होते मी, न मोजता.

त्या चौदातला नववा दिवस मला नीट आठवतो. सकाळी उठले तर हात हलके, मूठ पस्तीस मिनिटांत वळली, बाहेर छान ऊन, आणि मला वाटलं बरी झालेय मी. अशा दिवशी आमच्यासारख्यांना काय होतं ते आमच्यासारख्यांनाच कळेल. कपाट आवरलं, पुस्तकं पुसली, तीन महिन्यांची कागदपत्रं लावली, दोन अर्ज भरले, नऊ तास. संध्याकाळी वहीत थकवा चार लिहिला, दहापैकी चार! आणि वर एक टीप, "मॅडमना दाखवायचं." दुसऱ्या सकाळी मूठ एकशे दहा मिनिटांनी वळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी शंभर. म्हणजे त्या तीन वाईट दिवसांतले दोन मी स्वतःच तयार केले होते. मॅडमनी ते पान बघितलं आणि बोट ठेवून विचारलं, "इथे किती तासांनी थांबायला हवं होतं?" मी म्हटलं सहा तासांनी. त्या म्हणाल्या, "साडेचार तासांनी." चांगल्या दिवशी, दमलेली नसताना, काम हातात असताना आणि मजा येत असताना उठून जायचं. मला आजवर हे नीट जमलेलं नाही, लपवत नाही.

आजारी लोकांमध्ये एक हिशोब फार सांगितला जातो, की सकाळी तुम्हाला ठरावीक चमचे मिळतात आणि प्रत्येक कामाला एकेक खर्च होतो. समजावून सांगायला बरा आहे, पण नोकरी निवडायला मला तो पुरला नाही. चमचे संपले की कळतं, हातात काही उरत नाही. माझी ऊर्जा चमच्यांसारखी नाही, ती उधारीच्या खात्यासारखी आहे, दुकानदार संध्याकाळपर्यंत हसत हसत देतच राहतो आणि बिल दुसऱ्या दिवशी दारात. आणि प्रत्येकाच्या दुकानदाराची वसुलीची वेळही वेगळी. माझ्या एका मैत्रिणीला एमई/सीएफएस आहे, विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार, तिचं बिल दीड-दोन दिवसांनी येतं, आणि तिला तासभर मीटिंगमध्ये लक्ष देऊन बसणं हे जिना चढण्याइतकंच महाग पडतं. मला थोडा व्यायाम केला की सांधे सुटतात, तिला तोच व्यायाम अंथरुणाला खिळवतो. त्यामुळे माझी वही तिला चालणार नाही, तिला दोन दिवसांनंतरचा रकाना हवा. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याला "हे काम घे, झेपेल तुला" असं सांगणारे लोक बघितले की आता मी गप्प बसते, पूर्वी मीही सांगायचे.

बरं, पण फोनच्या कामाचं कोडं तसंच होतं. मॅडमकडे त्यावर एक गणित होतं आणि ते गणित आधी मला आणखी गोंधळात टाकून गेलं. शांत बसून राहायला शरीराला जेवढी ऊर्जा लागते तिला एक मेट म्हणतात. खुर्चीत बसून टाइप करणं दीडच्या आसपास, उभं राहून हातांचं हलकं काम अडीच-तीन, जिना सावकाश चढणं चार. आता प्रत्येकाची एक कमाल मर्यादा असते, ट्रेडमिलवर दम लागेपर्यंत चालवून ती काढतात, आणि जुना अंदाज असा आहे की दिवसभर, आठ तास, माणूस त्या कमाल मर्यादेच्या साधारण एक तृतीयांश एवढंच काम ओढू शकतो. ज्याची कमाल दहा त्याला तीन-सव्वातीन. त्याला लॅबमध्ये दिवसभर उभं राहणं सहज बसतं. माझी टेस्टमध्ये सहा आली. एक तृतीयांश म्हणजे दोन. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा मुलगा आणि मी, दोघं तेच काम करत होतो, तेवढेच तास, पण तो त्याच्या मर्यादेच्या आत होता आणि मी रोज माझ्या मर्यादेच्या बाहेर. हे ऐकल्यावर मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं वाटत होतं की मी कमी पडते, आळशी झालेय, मनाने घेतलंय. भागाकार होता तो नुसता.

पण मग फोनचं काम तर दीडचं. दोनच्या आत. मग ते का नाही झेपलं?

मॅडमनी विचारलं, "फोनच्या कामात मध्ये उठता यायचं का?" नाही. एक कॉल संपला की दुसरा आपोआप कानात वाजायचा, मध्ये काही सेकंद. ठरलेल्या तीन सुट्ट्या, त्याही त्यांच्या वेळेला. सिस्टिममध्ये प्रत्येक मिनिटाचा रंग दिसायचा, हिरवा म्हणजे कॉलवर, लाल म्हणजे जागेवर नाही. स्वच्छतागृहात गेले तरी लाल. आणि संधिवातात सांधा अर्धा तास एका जागी राहिला की घट्ट होतो, खळ सुकावी तसा, त्यामुळे आम्हाला दर वीस-तीस मिनिटांनी हललंच पाहिजे. मेट मोजतात ते स्नायूंचा श्वास, न हलण्याची किंमत त्यात येत नाही. चिडलेल्या माणसाला शांत आवाजात चाळिसाव्यांदा "समजू शकते मी" म्हणण्याची किंमत तर कुठेच येत नाही.

आणि लॅबमध्ये? लॅबमध्ये प्लेट लावली की ती अर्धा तास, कधी तासभर इन्क्युबेशनला जायची, म्हणजे ठरलेल्या तापमानात नुसती ठेवून द्यायची. त्या वेळात मी बसायचे, हात गरम पाण्याखाली धरायचे, नोंदी लिहायचे, मैत्रिणीशी दोन शब्द बोलायचे. काम जड होतं, पण त्याला भोकं होती आणि त्या भोकांतून मी श्वास घेत होते. फोनचं काम हलकं होतं आणि सलग होतं. हे जड-हलकं सांगणाऱ्या कुणालाच मोजता आलं नसतं, मलाही नाही, वही नसती तर.

मग मी वहीच्या मागच्या पानावर तीन पर्याय लिहिले. पहिला, लॅबमध्ये परत, इलेक्ट्रॉनिक पिपेट घेऊन. त्यात बटण नुसतं टेकवायचं असतं, आत मोटर असते, अंगठ्याचा प्रश्न जवळपास सुटतो. मला हाच पर्याय हवा होता, उगाच खोटं कशाला बोला. पण अंगठा सुटला तरी उभं राहणं उरतं आणि घड्याळ उरतं. प्लेट एकदा सुरू केली की तीस मिनिटांचं इन्क्युबेशन तीसच मिनिटं, मला वाईट दिवस आला म्हणून ते पन्नास होत नाही, आणि नमुने आज आलेत तर आजच लावायचेत. भोकं होती, पण ती कुठे पडतील हे माझ्या हातात नव्हतं. दुसरा, फोनसारखं काहीतरी, पण उशिरा सुरू होणारं. तो मी लिहिला आणि लगेच खोडला. तिसरा म्हणजे ज्याचा इंटरव्ह्यू दिला होता तो, लॅबच्या नोंदी तपासायचं काम. दुसऱ्यांनी लावलेल्या प्लेटचे आकडे, तारखा, सह्या, यंत्राचं कॅलिब्रेशन, सगळं जुळतंय का ते बघायचं आणि नाही जुळलं तर परत पाठवायचं.

आठवड्याचा एकूण आकडा सरासरीवरून काढायचा, पण काम कोणत्या आकाराचं हवं ते वाईट दिवसावरून ठरवायचं, असं मॅडमचं म्हणणं. म्हणजे वीस तास हा आकडा ठीक, पण ते वीस तास "रोज चार" असे बांधलेले असतील तर महिन्यातले सहा-सात दिवस मी नापास. तेच वीस तास "शुक्रवारपर्यंत एवढ्या फायली" असे असतील तर वाईट दिवशी दोन, मधल्या दिवशी चार, चांगल्या दिवशी साडेपाच असं करून गाडी निघते. तास तेवढेच. म्हणून मॅडमनी सांगितलं की नोकरी देणाऱ्याला तास विचारायच्या आधी एक गोष्ट विचारा. आज मी हे काम केलं नाही तर कोण थांबतं? फोनवर, कानात वाट बघणारा माणूस थांबतो, त्याच क्षणी. लॅबमध्ये नमुना थांबतो आणि खराब होतो. वर्गात तीस मुलं थांबतात. नोंदी तपासण्यात फाइल थांबते, आणि फाइलला उद्यापर्यंत काही होत नाही.

तेव्हा मी इंटरव्ह्यूवाल्या मॅडमना मेल लिहिला. चार वेळा लिहून पुसला. पहिल्या मसुद्यात आजाराची सगळी कथा होती, निदान, औषधं, रिपोर्ट, वाचून कुणालाही दया आली असती आणि नोकरी कुणीही दिली नसती. शेवटी राहिलं ते एवढंच, की मी आठ तास म्हणाले होते ते बरोबर नव्हतं, आठवड्याला वीस तास मी भरवशाने देऊ शकते, सकाळी साडेदहाच्या आधी नाही, मुदत आठवड्याची असेल तर मी चुकवणार नाही, दिवसाची असेल तर चुकवेन. आणि तीन प्रश्न. फायली साधारण किती दिवसांत परत द्यायच्या असतात, तातडीच्या फायली महिन्यात किती येतात, आणि बाहेरून तपासणी येणार असते तेव्हा आधीचे दिवस कसे जातात. तिसरा प्रश्न मी लॅबमधल्या अनुभवावरून घातला, कारण जाहिरातीत लिहिलेलं काम हे साध्या आठवड्याचं असतं आणि माणूस मोडतो तो तपासणीच्या आठवड्यात.

मेल पाठवायचं बटण दाबल्यावर पोटात खड्डा पडला. दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत मी मॅडमना, वहीला, मुठीला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. आठ म्हणून मोकळी झाले होते, काय गरज होती खरेपणाची. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. साध्या फायलींना पाच दिवस, तातडीच्या महिन्यातून दोन-तीन आणि त्या दुसऱ्या कुणाला देता येतील, तपासणीच्या आधीचे तीन दिवस मात्र वाईट जातात, ते त्यांनी लपवलं नाही. वीस तासांचा पगार वीस तासांचाच असेल, म्हणजे अर्धा. ते वाचून बराच वेळ बसून होते. अर्ध्या पगारात काय काय बसत नाही याची यादी डोक्यात आपोआप सुरू झाली. वही ऊर्जा मोजते, खर्च थोडीच भागवते, आणि ज्यांना अर्ध्या पगारावर घर चालवणं शक्यच नाही त्यांनी काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. दादा आणि मी एकत्र राहतो म्हणून मला जमलं. तो म्हणाला, "घे. फोनवाल्या नोकरीचा पूर्ण पगार तू तसाही दवाखान्यात दिलास."

आता आठ महिने होत आलेत. सगळं छान चाललंय असं नाही. तपासणीचे ते तीन दिवस दोनदा आले, पहिल्यांदा मी हिरोगिरी केली आणि पुढचे सहा दिवस गेले, दुसऱ्यांदा आधीच सांगून ठेवलं की मी रोज साडेचार तासच बसेन, पण आदल्या आठवड्यात थोडं थोडं जास्त करून ठेवते. मधे डॉक्टरांनी औषध बदललं तर सगळे आकडेच बदलले, मूठ वीस मिनिटांत वळायला लागली, पुन्हा चौदा दिवसांची वही केली तर आठवड्याचे बत्तीसचे अडतीस झाले. लगेच तास वाढवून मागावेसे वाटले. मॅडम म्हणाल्या, तीन महिने थांबा, अजून एक वही करा. थांबलेय. या आजारात आकडा वर जातो तसा खालीही येतो, आणि वाढवून घेतलेले तास परत कमी करून मागणं किती अवघड असतं हे मला माहितीये.

आणि लॅबची आठवण येते. कुणाला तरी वाटेल की तेच तर क्षेत्र आहे, कागद तर तेच आहेत. पण कागदाला तो वास नसतो, हातमोज्यांच्या पावडरीचा, आणि प्लेटमध्ये रंग चढताना बघायचा असतो तो कागदावर नुसता आकडा होऊन येतो. कधी कधी फाइल तपासताना उजवा अंगठा आपोआप हवेत दाबला जातो. मी बघते आणि हात मांडीखाली घेते.

मागच्या महिन्यात एक फाइल आली. प्रत्येक नमुना एकाच कॉलममधल्या वरखालच्या दोन खळग्यांत लावलेला असतो आणि दोन्ही उत्तरं जुळायला हवीत. पहिले नऊ कॉलम अगदी छान जुळत होते. दहाव्यापासून दोन उत्तरांमधलं अंतर वाढायला लागलं, अकराव्यात आणखी, बाराव्यात एक जोडी मर्यादेच्या बाहेर. मागच्या तीन प्लेट काढून बघितल्या, त्याच माणसाने लावलेल्या, सगळ्यांत तेच, शेवटचे तीन कॉलम. नियमाप्रमाणे फाइलवर शेरा लिहून परत पाठवायची असते, तो लिहिलाच, पण त्याआधी फोन लावला. नवीन मुलगा होता, नोकरीला लागून चार महिने झालेले, आवाजावरून घाबरलेला वाटला. मी विचारलं, प्लेट सलग लावतोस का, मध्ये थांबत नाहीस? नाही म्हणाला, थांबलं तर उशीर होतो. मग विचारलं, "शेवटी शेवटी अंगठा दुखतो का रे?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला कसं कळलं?"

मी त्याला सांगितलं की साहेबांकडे इलेक्ट्रॉनिक पिपेट माग, कपाटात खालच्या खणात एक पडलेलं असेल, बहुतेक लॅबमध्ये असतं, चार्जरसकट शोध. आणि सकाळी उठल्यावर मूठ किती वेळात वळते ते विचारावं की नाही यावर मी क्षणभर थांबले. मग विचारलंच. लगेच वळते म्हणाला.